कॉलमध्ये ‘हो’ नक्की कोण म्हणालं?

स्टेटस कॉल संपला की तासाभरात ट्रान्स्क्रिप्टची फाइल येते, आणि तिच्यातून कामांची यादी काढणं माझ्याकडे असतं. काम काय, कोणाकडे, कधीपर्यंत. रकाने तीनच. मकरपुरा जीआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी प्लॅनिंग बघते तिथे हीट एक्स्चेंजर आणि प्रेशर व्हेसल बनतात, आणि दर मंगळवारी ग्राहकाच्या पुण्यातल्या इंजिनिअरांबरोबर तासाभराचा कॉल असतो. कॉलवर मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी सगळं एकत्र नांदतं. बडोद्याच्या माणसाला यात काही वेगळं वाटत नाही. घरात मराठी, शॉप फ्लोअरवर गुजराती, ड्रॉइंगवर इंग्रजी, अशी आमची सवय पिढ्यानपिढ्यांची आहे.

ही यादी काढणं कारकुनी काम समजलं जातं. मला ते तसं वाटत नाही, कारण या यादीवरून पुढचा आठवडाभर माणसं एकमेकांना जाब विचारतात. ज्याने काम घेतलंच नाही त्याच्या नावापुढे ते लिहिलं गेलं तर आपण त्याच्यावर अन्याय करतो. ज्याने घेतलं त्याचं नाव गळलं तर काम गळतं. म्हणून ही फाइल मी वरवर चाळत नाही, कोर्टातली साक्ष वाचावी तशी वाचते.

पहिली अडचण अशी की काम जिथे उच्चारलं जातं तिथे ते ठरलेलं नसतं. 2007 साली स्टॅनफर्डचे मॅथ्यू पर्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीटिंगच्या बोलण्यातून ॲक्शन आयटम कसे ओळखायचे यावर एक संशोधन मांडलं होतं. एखादं वाक्य म्हणजे ॲक्शन आयटम, असं न धरता त्यांनी चार तऱ्हेची वाक्यं वेगवेगळी शोधली: कामाचं वर्णन करणारी, मुदत सांगणारी, जबाबदारी कोणाची ते सांगणारी आणि संमती देणारी. मला ही विभागणी फार उपयोगाची वाटते, कारण प्रत्यक्षात ही चार वाक्यं क्वचितच एका जागी सापडतात. काम अठराव्या मिनिटाला निघतं, तारीख चाळिसाव्या मिनिटाला बदलते आणि संमती मध्येच कुठेतरी भलत्याच विषयात दडलेली असते.

यातली संमती सगळ्यात फसवी. आपल्याकडे कॉलवर माणसं सतत ‘हो’ म्हणत असतात. ‘हो सर’, ‘हां भाई’, ‘बरोबर’. यातले बहुतेक होकार म्हणजे ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढंच असतं. समोर ग्राहक असेल आणि बोलणारा वयाने किंवा हुद्द्याने लहान असेल तर हे होकार आणखी वाढतात. मी एक साधी कसोटी लावते: होकारासोबत माणसाने काम किंवा तारीख स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हटली आहे का? ‘हो, शुक्रवारी देते’ ही संमती. नुसतं ‘हो, हो’ ही संमती नाही, मग ट्रान्स्क्रिप्टमध्ये ते दहा वेळा का असेना. आणि माणूस आपण होऊन ‘मी उद्या पाठवतो’ म्हणाला असेल, तर वेगळ्या होकाराची वाट बघायची गरज नसते.

एक कॉल नीट उलगडून सांगते. तारीख मंगळवार, 6 जानेवारी 2026. ऑर्डर दोन शेल अँड ट्यूब एक्स्चेंजरची. ई-101 तयार होऊन हायड्रोटेस्टच्या वाटेवर, आणि मोठा ई-102 अजून ड्रॉइंगच्या टप्प्यावर. पुण्याहून दोघं आपापल्या लॅपटॉपवर होते. आमच्याकडचे पाच जण मात्र एकाच कॉन्फरन्स रूममध्ये, एका माइकभोवती. त्यामुळे फाइलमध्ये आमच्या पाचही जणांच्या वाक्यांपुढे एकच नाव येतं:

```
00:18:42.000 --> 00:18:45.000
<v Makarpura Conf Room>हो, इन्स्पेक्शन कॉल मी पाठवते.
```

हे वाक्य कोणाचं? खोलीत प्रोजेक्ट मॅनेजर, डिझाइनचे साहेब, प्रॉडक्शनचे भाई, परचेसचे काका आणि क्वालिटीच्या मॅडम होत्या. क्रियापद ‘पाठवते’ आहे आणि त्या दिवशी खोलीत बाई एकच होती. मराठी क्रियापद इथे मोठी मदत करतं. हिंदीत ‘भेज दूँगी’ही करतं. गुजरातीत ‘हुं मोकली दईश’ म्हटलं की बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही, आणि ‘करी दईशुं’ किंवा ‘करून टाकू’ म्हटलं की माणूस ‘आम्ही’त लपतो. ‘थई जशे’ आणि ‘होऊन जाईल’ यांत तर माणूसच नाही, काम जणू आपोआप होणार आहे. अशी वाक्यं दिसली की मी ओनरचा रकाना रिकामा ठेवते आणि रेकॉर्डिंग उघडते.

रेकॉर्डिंग ऐकावंच लागतं. संपूर्ण नाही, पण यादीत जाणाऱ्या प्रत्येक ओळीच्या आगेमागे अर्धा मिनिट. आकडे, नावं आणि नकार या तीन ठिकाणी यंत्राचं लिखाण हमखास घसरतं. त्या कॉलमध्ये ‘एंट्री ओरिएंटेशन’वर बरीच चर्चा झाल्याचं फाइल सांगत होती. प्रत्यक्षात चर्चा एन-3 नॉझलच्या, म्हणजे एक्स्चेंजरला पाइप जोडायच्या तोंडाच्या, ओरिएंटेशनची होती, आणि ‘एन थ्री’ची ‘एंट्री’ झाली होती. ज्याला ड्रॉइंग माहीत नाही तो ही चूक पकडूच शकत नाही. म्हणून ही यादी प्रोजेक्टच्या बाहेरच्या माणसाकडून काढून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आता हायड्रोटेस्ट. एक्स्चेंजर पाण्याने भरून वाढीव दाबाखाली तपासायचा. प्रेशर व्हेसलसाठीच्या एएसएमई कोडच्या सेक्शन आठ, डिव्हिजन एकप्रमाणे हा दाब कमाल कामकाजी दाबाच्या निदान 1.3 पट, तापमानाची दुरुस्ती धरून. या ऑर्डरच्या क्वालिटी प्लॅनमध्ये तो होल्ड पॉइंट आहे. म्हणजे थर्ड पार्टी इन्स्पेक्टर हजर असल्याशिवाय टेस्ट करायचीच नाही, आणि त्यांना सात दिवस आधी लेखी कळवायचं. या लेखी नोटिशीलाच आम्ही इन्स्पेक्शन कॉल म्हणतो.

अठराव्या मिनिटाला पुण्याचे साहेब म्हणाले, “हायड्रो पुढच्या बुधवारी घेऊ या, इन्स्पेक्टरला कळवा.” त्यावर क्वालिटीच्या मॅडमचं ते वाक्य आलं. इथेच थांबून यादी केली तर ओळ सुरेख जमते: हायड्रोटेस्ट, बुधवार 14 जानेवारी. पण चाळिसाव्या मिनिटाला डिस्पॅचचा विषय चालू असताना प्रॉडक्शनचे भाई मध्येच म्हणाले, “बुधवारे तो उत्तरायण छे, साहेब. गुरुवारे वासी उत्तरायण. कारखानो बंद.” पुण्यात संक्रांत म्हणजे तिळगूळ देऊन पुन्हा कामाला लागायचं. बडोद्यात ते दोन दिवस माणूस गच्चीवर असतो. पुण्याचे साहेब हसले आणि म्हणाले, “ठीक आहे, मग शुक्रवार.” भाई म्हणाले, “शुक्रवारे पाक्कुं.” विषय परत डिस्पॅचकडे वळला.

म्हणजे खरी तारीख शुक्रवार, 16 जानेवारी. ती ज्या जागी ठरली त्या जागी ‘हायड्रो’ हा शब्दसुद्धा नाही. फाइलमध्ये ‘हायड्रो’ शोधून आलेली वाक्यं गोळा करणाऱ्याला ही दुरुस्ती कधीच दिसणार नाही. म्हणून पहिल्या वाचनात मी यादी करतच नाही, फक्त समासात खुणा करते, आणि शेवटचं पान संपल्यावरच पहिली ओळ लिहिते. ‘पुढच्या बुधवारी’, ‘परवा’, ‘या आठवड्यात’ या शब्दांना कॉलच्या तारखेशिवाय अर्थ नाही. म्हणून कॉलचा दिवस आणि तारीख पानाच्या डोक्यावर आधी लिहून ठेवते. यादीत मात्र नेहमी वार आणि तारीख दोन्ही जातात. एकात चूक झाली तर दुसरं लगेच चुगली करतं.

याच कामातून एक अशी मुदत निघते जी कॉलवर कोणीही उच्चारली नव्हती. टेस्ट 16 ला आणि नोटीस सात दिवस आधी, म्हणजे इन्स्पेक्शन कॉल शुक्रवार 9 जानेवारीपर्यंत जायलाच हवा. मॅडमनी ‘पाठवते’ म्हटलं होतं, कधी ते म्हटलं नव्हतं. मग ही तारीख यादीत घालावी का? मी घालते, पण पुढे स्पष्ट लिहिते: ‘क्वालिटी प्लॅनवरून काढलेली तारीख, कॉलवर ठरलेली नाही’. माणसाने दिलेला शब्द आणि मी केलेलं गणित यांची सरमिसळ झाली की यादीवरचा विश्वास उडतो. यादी पाठवण्याआधी मी मॅडमच्या टेबलाशी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, “ताई, 9 कशाला, मी उद्याच पाठवते, सुट्ट्यांत तिकडेही कोणी बघणार नाही.” मग 7 तारीख गेली, त्यांच्या तोंडची.

एन-3 नॉझलची गोष्ट दुहेरी होती. पुण्याचे इंजिनिअर म्हणाले की ई-102 च्या ड्रॉइंगवरचे कॉमेंट्स ते उद्या संध्याकाळपर्यंत देतील. आमचे डिझाइनचे साहेब म्हणाले, कॉमेंट्स आले की दोन दिवसांत सुधारित ड्रॉइंग. यातलं पहिलं काम ग्राहकाचं आहे, आणि ग्राहकाची कामं यादीतून सर्रास गळतात. त्यांना मुदत लिहून देणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून लिहिणारा ‘कॉमेंट्सची प्रतीक्षा’ असं गुळगुळीत काहीतरी लिहितो. माझ्या यादीत ते पहिल्या ओळीत असतं, आमच्या ओळींइतकंच उघड, कारण आमची पुढची तारीख त्यावर टांगलेली आहे. दुसऱ्या कामाची मुदत मी नुसती ‘9 जानेवारी’ लिहीत नाही. ‘कॉमेंट्स मिळाल्यापासून दोन कामाचे दिवस, बुधवारी संध्याकाळी मिळाले तर शुक्रवार 9’ असं पूर्ण लिहिते. नुसती तारीख लिहिली आणि कॉमेंट्स सोमवारी आले, तर आमचे साहेब विनाकारण उशिरा ठरतात.

परचेसच्या काकांची ओळ जास्त अवघड होती. ई-102 च्या ट्यूब आल्या आहेत, पण मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या खेपेचा क्रमांक, ट्यूबवर मारलेल्या नंबराशी जुळत नाही, आणि तो जुळल्याशिवाय क्वालिटी त्या ट्यूबला हात लावू देणार नाही. काका म्हणाले, “व्हेंडरशी बोलतो.” पुण्याहून विचारलं, “सर्टिफिकेट मिळेल कधी?” काका म्हणाले, “या आठवड्यात होऊन जाईल.”

इथे ‘व्हेंडरशी बोलणे’ असं काम लिहिलं तर काका एक फोन करून सुटतात आणि सर्टिफिकेट तिथेच राहतं. कामाची ओळ अशी हवी की ती पूर्ण झाली की नाही हे तिसरा माणूस कागद बघून सांगू शकेल. म्हणून ‘हीट नंबर जुळणारं सर्टिफिकेट व्हेंडरकडून मिळवून क्वालिटीकडे देणे’. पण एवढं काम काकांनी खरंच घेतलं होतं का? त्यांच्या तोंडून तर फक्त बोलण्याचं आलं होतं. मी माझं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. ते थोडे थांबले, म्हणाले, “मिळवणं माझ्या हातात नाही, पण पाठपुरावा माझा. लिही.” आणि ‘या आठवड्यात’ म्हणजे कधी? आमचा शनिवार कामाचा, पुण्याच्या ऑफिसचा सुट्टीचा. त्यांच्या मनात शुक्रवार 9, काकांच्या मनात शनिवार 10. काकांनी शनिवारच सांगितला, म्हणून शनिवार 10 लिहिलं, आणि पुण्याला ते सोमवारी 12 ला बघायला मिळेल हेही पुढे लिहिलं. या दोन दिवसांच्या फरकावरून पुढच्या कॉलवर होऊ शकणारी चिडचिड मी आधी पाहिली आहे.

पेंटिंग प्रोसिजरबद्दल प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले होते, “ते आमचे पेंटिंगवाले भाई पाठवतील.” भाई कॉलवर नव्हते. गैरहजर माणसाच्या नावावर दुसऱ्याने टाकलेलं काम म्हणजे संमती नसलेलं काम, त्यामुळे त्यांना विचारल्याशिवाय ओळ लिहायची नाही. विचारलं तर कळलं की त्यांनी प्रोसिजर 2 जानेवारीलाच पाठवली आहे, मेलही दाखवली. ओळ यादीतून गेली आणि खाली एका वाक्यात ‘पाठवून झालं आहे, तारीख अमुक’ एवढं राहिलं.

ट्रान्स्क्रिप्टमध्ये जे येतच नाही त्याचाही विचार करावा लागतो. कोणी ड्रॉइंग स्क्रीनवर दाखवून ‘हे इथून असं फिरवा’ म्हणतो, तेव्हा कागदावर ‘हे’, ‘इथून’ आणि ‘असं’ एवढंच उरतं. मान डोलावून दिलेला होकार तर कुठेच नसतो. कॉलच्या चॅटमध्ये टाकलेला संदेश या फाइलमध्ये येत नाही, तो वेगळा उघडून बघावा लागतो. आणि कॉल तुटल्यावर दोघं फोनवर जे ठरवतात ते फक्त त्या दोघांना ठाऊक. म्हणून यादीत चौथा रकाना मी स्वतःसाठी ठेवते, ज्या मिनिटाला संमती मिळाली ते मिनिट. ज्या ओळीपुढे मिनिट लिहिता येत नाही, आणि नंतर विचारून मिळालेला होकारही नाही, ती ओळ ठरलेल्या कामांत जात नाही. पुढच्या मंगळवारी कोणी ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणालं तर आवाज चढवायची वेळ येत नाही, ते मिनिट उघडून दोघांनी ऐकायचं.

शेवटी एक काम बिनधन्याचं उरलं. पुण्याच्या साहेबांनी जाता जाता म्हटलं होतं, “ई-102 ला ओडीसी लागेल का, ते कोणीतरी ट्रान्सपोर्टरला विचारून घ्या.” ओडीसी म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कन्साइनमेंट. रस्त्यावरच्या गाडीच्या रुंदीची मर्यादा 2.6 मीटर, माल त्याबाहेर गेला की वेगळी परवानगी, वेगळा ट्रेलर, वेगळा खर्च. या वाक्यावर आमच्या खोलीतून एकदम तीन-चार ‘हो, हो’ आले. एकानेही काम किंवा तारीख परत उच्चारली नाही. अशा वेळी डिस्पॅचचं नाव लिहून टाकायचा मोह होतो, कारण काम त्यांच्याच खात्यातलं दिसतं. मी लिहिलं नाही. ठरलेल्या कामांच्या वर, वेगळ्या चौकटीत, ‘जबाबदारी ठरलेली नाही’ असं लिहून ती ओळ ठेवली आणि यादी त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवली. खाली नेहमीचं वाक्य: काही चुकलं असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा. ठरलेल्या ओळींसाठी गप्प राहणं म्हणजे मान्य, पण चौकटीतल्या ओळीसाठी गप्प राहणं चालणार नाही, असंही त्यात लिहिलं होतं.

सकाळी डिस्पॅचच्या भाईंचा फोन आला. ट्रान्सपोर्टरला ते विचारतील, पण विचारायचं काय? शेलचा व्यास मर्यादेत बसतो. प्रश्न नॉझलचा आहे, आणि एन-3 बाजूला राहणार की वर जाणार यावर गाडीवरची रुंदी ठरणार. म्हणजे आधी पुण्याचे कॉमेंट्स, मग सुधारित ड्रॉइंग, मग ट्रान्सपोर्टर. कॉलवर हे दोन विषय वीस मिनिटांच्या अंतराने झाले होते आणि कोणीच ते जोडले नव्हते. ओळ चौकटीतून खाली आली: ओनर डिस्पॅच, मुदत सुधारित ड्रॉइंग मिळाल्यापासून एक कामाचा दिवस, ड्रॉइंग शुक्रवारी आलं तर शनिवार 10 जानेवारी. सुधारलेली यादी मी लगेच पुण्याला पाठवली आणि पहिल्या ओळीतल्या इंजिनिअरांना फोन करून सांगितलं, की त्यांच्या कॉमेंट्सवर आता आमचं एक नाही, दोन कामं थांबली आहेत.